वीस कोपऱ्यांचा अंतरपाट

स्वस्तिकाला वीस कोपरे असतात. बारा बाहेरचे, आठ आतले. मी भिक्षुकाच्या घरात जन्मले, लहानपणी वडिलांची पिशवी सांभाळत कितीतरी लग्नांना गेले आणि पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं. तरी हे मला माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर अमरावतीतल्या एका बारा बाय दहाच्या शिवणदुकानात ते कळलं, कारण तिथे प्रत्येक कोपऱ्यावर मशीन थांबवावं लागत होतं.

दुकान आमच्या गल्लीतच. चालवणारी बाई माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. सासर वलगावचं, माळ्याचं घर. शेतात झेंडू आणि शेवंती, बाजारात सासूची फुलांची जागा. ही मात्र मशीनवर. अकरा वर्षं तिने साड्यांना फॉल लावले, पिको केलं, ब्लाउजच्या बाह्या सैल केल्या आणि पुन्हा घट्ट केल्या. मी पडदे शिवायला टाकायला गेले आणि तिथेच बसू लागले. तिने मला हाकललं नाही. पुढे मला पेन्सिल, कागद आणि कात्री मिळाली, म्हणजे मी तिची मदतनीस झाले. माझ्या नातेवाइकांत याचा उल्लेख "सध्या काही कलात्मक करतेय" असा होतो. मी कापड कापते.

तिला खरा हात होता तो तुकडाकामात. एका कापडावर दुसऱ्या कापडाचा आकार चिकटवायचा आणि त्याच्या कडेने मशीनवर बारीक, दाट, गोटासारखा टाका घालायचा. मोर, कैरी, अक्षरं, काहीही. चिकटवायला फ्यूजिंगची जाळी मिळते. तिच्या एका बाजूला कागद असतो. कागदावर आकार काढायचा, जाळी रंगीत कापडाच्या उलट्या बाजूला इस्त्रीने बसवायची, रेघेवरून कापायचं, कागद सोलायचा आणि तुकडा मुख्य कापडावर ठेवून पुन्हा इस्त्री दाबायची. इस्त्री फिरवायची नाही, दाबायची. फिरवली की तुकडा सरकतो.

हे करताना एक गोष्ट लक्षात ठेवायची असते: कागदावर काढलेला आकार शेवटी उलटा पडतो, आरशातल्यासारखा. म्हणून अक्षरं कागदावर उलटी काढायची. पहिल्या आठवड्यातच मी हे वहीत लिहून घेतलं होतं. खाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

"वहीत कायले लिहिता मॅडम?" ती म्हणाली होती. "हातानं चुकलं की आपोआप ध्यानात राह्यते."

मी हसले होते. शिक्षकी पेशात माणसाला स्वतःच्या वहीवर फार विश्वास बसतो.

मग अकोल्याचं काम आलं. तिथल्या एका मोठ्या कापडदुकानाच्या मालकीणबाईंनी तिच्या हातची एक शाल पाहिली होती. त्यांनी एक अंतरपाट दिला आणि स्पष्ट सांगितलं: हा नीट झाला, तर दुकानाचं लग्नाचं सगळं तुकडाकाम तुझ्याकडे. अंतरपाट, शेले, चौरंगावरची वस्त्रं, सगळं. नाही झालं तर नाही. बाई सरळ होत्या. दुकानात परत आल्यावर हिने पिकोचं मशीन जुन्या चादरीने झाकून कोपऱ्यात सरकवलं. त्यावरून तिला ते काम किती हवं होतं, ते मला कळलं.

अंतरपाट अकोल्यातल्या एका वकीलसाहेबांच्या मुलीच्या लग्नाचा होता. रेशमी कापड साहेबांनी स्वतः कुठूनसं आणलं होतं, मोतिया रंगाचं. सोबत छापील कागद: वर 'शुभ मंगल', खाली जेवणाच्या ताटाएवढं स्वस्तिक. आणि निरोप, की असं कापड पुन्हा मिळणार नाही, लग्न आयुष्यात एकदाच होतं, आणि साहेबांना प्रत्येक गोष्टीत परिपूर्णता लागते. माझ्या अनुभवात परिपूर्णता लागणारी माणसं ती दुसऱ्याकडून मागवतात. पण कापड खरंच सुंदर होतं.

आखणी माझ्याकडे आली. मी छापील कागद खिडकीच्या काचेवर पालथा लावला आणि मागून दिसणारी 'शुभ मंगल'ची अक्षरं जाळीच्या कागदावर उलटी उतरवली. अगदी काटेकोर. मग स्वस्तिकाची पाळी आली. ते तर चारी बाजूंनी सारखंच, असा मी विचार केला. कागद सुलटा केला, टेबलावर ठेवला आणि पट्टी लावून छान रेघा मारल्या. भिक्षुकाच्या मुलीने, मराठीच्या निवृत्त शिक्षिकेने, वहीतल्या दोन रेघांच्या मालकिणीने.

लाल कापडातून मी अक्षरं आणि स्वस्तिक कापलं आणि तिने रेशमावर इस्त्रीने बसवलं. खाली आधाराला कागदी बकरम लावलं, वरच्या धाग्याचा ताण किंचित सैल केला, म्हणजे खालचा धागा वर डोकावत नाही. टाक्याची रुंदी तिने जेमतेम दोन मिलिमीटर ठेवली. रुंद टाक्यात कापणाऱ्याच्या चुका लपतात, अरुंद टाक्यात सगळं दिसतं.

"तुमी कापलं सरळ, म्हणून मी बारीक टाका घेऊन राहिली," ती म्हणाली. मला नाही म्हटलं तरी बरं वाटलं.

मग कोपरे. सुई डावीकडे-उजवीकडे झुलत असते. डावा झोला लाल तुकड्यात, उजवा तुकड्याच्या कडेला लागून, रेशमात. बाहेरच्या कोपऱ्यावर आलं की सुई उजव्या झोल्याला, रेशमात रुतलेली असताना थांबायचं. तशीच रुतवून मशीनचा कापड दाबणारा पाय उचलायचा, कापड काटकोनात फिरवायचं, पाय टाकायचा आणि पुढे. नवे टाके जुन्यांवर चढतात आणि कोपरा भरीव होतो. आतल्या कोपऱ्यावर याच्या उलट: टाक्याच्या रुंदीइतकं पुढे जायचं आणि सुई डाव्या झोल्याला, लाल तुकड्यात असताना फिरवायचं. इथे गडबड झाली, तर कोपऱ्यात पाचरीसारखी फट राहते आणि त्यातून कापलेली कड डोकावते. कोपरा जवळ आला की ती पायटा सोडून हाताने चाक फिरवायची. एक टाका, आणखी एक, थांब. वीस वेळा. ती कोपऱ्यांकडे पाहत होती आणि मी तिच्या हातांकडे. स्वस्तिकाकडे कुणीच पाहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातली फुलं संपवून तिची सासू दुकानात आली. रिकामी टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि खुंटीवर टांगलेल्या अंतरपाटाकडे पाहिलं.

"काहून वो," ती सुनेला म्हणाली, "हा उलटा काहून काढला?"

"काय उलटा?"

"सातिया. वरचं बोट डाव्या अंगाले चाललं ना. रोज दारापुढं काढून राहिली मी, मले नाई समजत?"

आम्ही दोघींनी स्वस्तिकाकडे पाहिलं. वरचं बोट खरोखर डावीकडे वळलेलं होतं. वीसच्या वीस कोपरे निर्दोष, आणि सगळे चुकीच्या दिशेला.

मी खुर्चीत बसले. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी सुलटं काढलं, म्हणून उलटं पडलं."

सुनेआधी सासू बोलली. "मास्तरीन हाय ना तुमी?"

कापड दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याला पोचवायचं होतं आणि तसं दुसरं कापड नव्हतं. घाबरलेल्या सुशिक्षित माणसाच्या डोक्यात जे येतं, ते माझ्या डोक्यात आलं: युक्तिवाद. मी म्हटलं, माझे वडील अंतरपाटाच्या पातळ पंच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढायचे. नवरीकडून सुलटं असेल, तर नवरदेवाकडून ते उलटंच दिसायचं. इतक्या पिढ्यांत कुठल्याही नवरदेवाने तक्रार केलेली नाही. धर्म बुडाला नाही, संसारही झाले. शिवाय लग्नात कोण बघतं?

सुनेने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमाले नाई दिसलं, मले नाई दिसलं. आत्याबाईले टोपली ठेवता ठेवता दिसलं. लग्नात किती सासवा येतीन?"

युक्तिवाद तिथेच संपला. न्यायालयात इतक्या कमी शब्दांत निकाल लागत असते तर वकीलसाहेबांना रेशीम परवडलं नसतं.

"मंग पालथा धर म्हणा," सासू म्हणाली. "मांगून सुलटाच दिसते."

"मांगून नुसता बॉबीनचा धागा दिसते, आत्याबाई. थो का दाखवाले असते?"

ती उठली. अंतरपाट टेबलावर पालथा घातला, टाके उसवायचं हत्यार काढलं आणि मागच्या बाजूने खालचा धागा कापत गेली. मागून कापलं की पुढचा दाट टाका अखंड सुटून येतो. पुढून कापायला गेलं तर रेशीम फाटतं. मी चिमट्याने धाग्याचे तुकडे वेचत होते. मग वर पातळ सुती फडकं ठेवून तिने थोडी थोडी इस्त्री दाबली आणि चिकट गरम असतानाच लाल तुकडा एका टोकापासून हलक्या हाताने सोलून काढला.

रेशीम फाटलं नाही. पण चिकटाचा मळकट डाग राहिला आणि त्याच्या कडेने सुईच्या भोकांची रांग. उलट्या स्वस्तिकाची पूर्ण आकृती, ठिपक्यांत. त्यावर सुलटं स्वस्तिक ठेवलं असतं तर निम्मे ठिपके बाहेर राहिले असते. तिने ठेवून पाहिलं. राहिलेच.

ती त्या डागाकडे बघत उभी होती. पिकोच्या मशीनवरची चादर तिच्या पाठीमागेच होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, मी मात्र पाहिलं.

"आत्याबाई," ती एकदम म्हणाली, "पूजेत सातिया कुठं काढता?"

"पाटावर. नाई त चौरंगावर लाल कपडा टाकून, त्याच्यावर तांदुळाचा."

"लाल कपड्यावर पांढरा."

"मंग? जमिनीवर काढतीन काय कोणी देवाचा?"

झालं. डाग, भोकं, सगळं झाकेल असा लाल चौकोन आणि त्यावर मोतिया स्वस्तिक. मोतिया कापडही होतं: अंतरपाटाच्या एका टोकाचं हातभर जास्तीचं रेशीम तिने आधीच कापून ठेवलेलं होतं. ते वाया गेलं असतं, तर मग खरंच काही उरलं नसतं. ते तिने माझ्यासमोर ठेवलं आणि पेन्सिलही दिली. मी म्हटलं, "तूच आख."

"नाई. तुमीच आखा. तुमी आता नाई चुकत."

मी आखलं. छापील कागद काचेवर पालथा लावून, आणि कापण्याआधी तिच्या सासूला दाखवून. "कागदावर उलटाच हाय हा," सासू संशयाने म्हणाली. "उलटाच पाहिजे," मी म्हटलं. शाळेत मी पोरांकडे पाहायचे, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

फिकट रेशीम लाल कापडावर ठेवलं की खालचा लाल रंग वर जाणवतो आणि मोतियाचं गुलाबी होतं. म्हणून तिने त्या तुकड्याला आधी आतून पातळ पांढरं फ्यूजिंग लावलं, मग जाळी. अंतरपाटाला लगेच हात लावला नाही. स्वस्तिक आधी सुट्या लाल कापडावर चिकटवून शिवलं. बिघडलं तर तेवढंच बिघडेल. पुन्हा वीस कोपरे, पुन्हा हाताने चाक. पाचव्या कोपऱ्यावर तिने मान वर न करता विचारलं, "मॅडम, वरचं बोट?"

"उजवीकडे."

"उजवीकडेच," सासूने दारातून दुजोरा दिला. ती वलगावला परत गेलीच नव्हती.

मग लाल कापडाच्या पाठीला जाळी लावून मी चौकोन कापला. तिने तो डागावर बरोबर बसवला, खाली नवं बकरम ठेवलं आणि कडेने लाल धाग्याचा दोन मिलिमीटरचा टाका फिरवला. चौकोनाचे फक्त चार कोपरे, पण लपायला जागाच नसलेले. वीस कोपऱ्यांच्या गर्दीत एखादा खपून गेला असता. चौघांत चौघेही दिसतात. मागून अस्तर लावून झालं, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी बडनेरा, मूर्तिजापूर करत बसने अकोल्याला. तिच्या मांडीवर पिशवी, माझ्या मांडीवर माझी चूक. वाटेत मी तीनदा म्हटलं की मी सांगते. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुमी सांगू नका, भाषण होते. मीच सांगीन."

दुकानात मालकीणबाईंबरोबर वकीलसाहेबही हजर होते. अंतरपाट काउंटरवर उलगडला. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हा चौकोन आम्ही सांगितला नव्हता."

"नाही साहेब," ती म्हणाली. "पहिला सातिया उलटा बसला होता. मीच बसवला, पाहिलं नाही. उसवला, तर कापडावर डाग राहिला. म्हणून पाटाचं लाल वस्त्र केलं आणि त्याच्यावर सातिया. तुमाले नाई पटलं, तर कापडाचं काय ते बोला."

मी तोंड उघडलं. तिने माझा पाय दाबला.

साहेब गंभीर झाले. हा निर्णय आपल्या अधिकारात येत नाही, असं म्हणून त्यांनी फोन काढला आणि आपल्या गुरुजींना लावला. फोन स्पीकरवर होता. गुरुजी बहुतेक कुठल्याशा पूजेत होते, मागे घंटा वाजत होती. साहेबांनी प्रकरण पहिल्यापासून मांडलं, वस्तुस्थिती, पार्श्वभूमी, प्रश्न. गुरुजी म्हणाले, "सुलटं आहे ना? मग उत्तम. लाल आसन आहे, अजून काय पाहिजे? ठेवतो." आणि ठेवला.

त्यानंतर पाच मिनिटांत त्या चौकोनाला अर्थ प्राप्त झाला. चार बाजू म्हणजे चार पुरुषार्थ, असं साहेबांनी आम्हाला समजावलं. मग चार दिशा. मग चार आश्रम. लाल रंगाचंही काहीतरी होतं. पाहुण्यांना कळावं म्हणून हे सगळं लग्नाच्या वेळी माइकवरून सांगायचं त्यांनी ठरवलं. मी मान डोलावत होते. डागाचा पुरुषार्थ कोणता, एवढंच विचारायचं राहिलं.

या सगळ्या वेळात मालकीणबाई चौकोनाच्या एकेका कोपऱ्यावरून नख फिरवत होत्या. मग स्वस्तिकाचे आतले कोपरे, एक एक. मग मागे अस्तरावरून बोटं फिरवत त्यांनी जिथे डाग होता बरोबर तिथे चाचपलं. साहेब चहा घ्यायला आत गेले, तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "हे तू एकटीनं केलं?"

"शिवलं मी. कापलं या मॅडमनं."

"उलटं कोणी केलं?"

"दोघींनी."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बहुधा सगळं समजलं होतं. मी काही न बोलण्याची माझी दुर्मिळ संधी वापरली. त्यांनी काउंटरखालून एक हिरवी चिंधी आणि एक पिवळी काढली, पिवळी हिरवीवर आधीच चिकटवलेली, तिच्या कडेला काटकोनी खाच कापलेली. मागच्या मशीनकडे बोट दाखवलं. "आतला कोपरा करून दाखव. माझ्यासमोर. बाहेरचा कोणालाही जमतो."

ती मशीनवर बसली. सुई पाहिली, धागा ओवला, चाक एकदा हाताने फिरवलं आणि थांबली. पुन्हा फिरवलं. मग उठली.

मला वाटलं, हिचा धीर सुटला.

"काय झालं?" मालकीणबाई म्हणाल्या.

"तुमचं मशीन जड चालते, ताई. कोपऱ्यावर झटका मारीन." तिने हात पुढे केला. "तेलाची कुपी कुठं हाय?"

मालकीणबाईंनी खणातून कुपी काढून दिली. तिने मशीन तिरकं करून जिथे जिथे द्यायचं तिथे दोन-दोन थेंब दिले, रिकामं चालवलं, चिंधीने तेल पुसलं आणि बसली. मशीनचा आवाज बदलला होता. ती सरळ कडेने आली, पायटा सोडला, हाताने चाक घेतलं. खाचेच्या पुढे टाक्याएवढी गेली, सुई पिवळ्यात रुतवली, पाय उचलला, फिरवलं.

मालकीणबाईंनी चिंधी उजेडात धरली. नख फिरवलं. मग आत जाऊन त्या दोन शेले आणि एक चौरंगाचं वस्त्र घेऊन आल्या, आमच्या पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "शेल्यावर मोर आहेत. एकाचं तोंड दुसऱ्याकडे पाहिजे."

"म्हणजे एक उलटा, एक सुलटा," मी पटकन म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "ते या मॅडमना आखू दे. यांना जमेल."